पन्नास नंबरचे दोन मालक

सांगलीतल्या एका सीएच्या ऑफिसात मी हिशेबाचं काम पाहतो. जुलै म्हणजे रिटर्नची घाई, आणि नेमक्या त्याच महिन्यात प्रिंटरने विचित्र वागायला सुरुवात केली. दाराजवळच्या तीन टेबलांवरून कागद निघायचा, आतल्या खोलीतून निघायचा नाही. तासाभराने उलटं व्हायचं. प्रिंटर बंद करून सुरू केला की सगळ्यांचं सुरळीत चालायचं, थोड्या वेळाने पुन्हा तेच. केबल बदलली, ड्रायव्हर नव्याने टाकला, टोनरलाही दोष देऊन झाला.

त्याचा उलगडा झाला दोघांच्या वादातून. नाना या ऑफिसचे पहिल्यापासूनचे हार्डवेअरवाले. इथला प्रत्येक कॉम्प्युटर, डीव्हीआर आणि हजेरीचं यंत्र त्यांच्या हातून बसलेलं. मुग्धा ही सरांची पुतणी. ती पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळते आणि दोन दिवसांसाठी घरी आली होती. नाना तिला लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे दोघांपैकी कुणीच शब्द गिळून बोलत नव्हतं.

मुग्धा : नाना, प्रिंटरला आयपी तुम्ही हाताने दिलाय ना? 192.168.1.50?

नाना : मीच दिलाय. प्रिंटर आला तेव्हापासून तोच आहे. प्रिंटरचा पत्ता बदलता कामा नये, हे तुला मी सांगायला नको.

मुग्धा : बदलू नये हे कबूल. पण राउटर काय काय वाटतोय ते बघितलंत का? इंटरनेटवाल्यांनी जो डबा बसवलाय त्याचा डीएचसीपी पूल 192.168.1.2 पासून 192.168.1.254 पर्यंत आहे. स्वतःचा १ सोडला तर सगळे नंबर त्याच्या मते त्याचेच. तुमचा पन्नास त्याच्या वाटपाच्या ढिगातच पडलाय.

नाना : इतकी वर्षं पडलाय की! तेव्हा कुठे काय झालं?

हा प्रश्न बिनतोड वाटतो आणि असे घोळ वर्षानुवर्षं लपून राहतात ते याच्याच जोरावर. मुग्धाचं उत्तर असं की तेव्हा ऑफिसात सहा कॉम्प्युटर होते आणि हा राउटर नंबर खालून वर देतो. आठ-दहाच्या पुढे वाटप जातच नव्हतं. आता आर्टिकलशिपची मुलं आली आहेत, प्रत्येकाकडे एक लॅपटॉप आणि एक फोन, शिवाय येणाऱ्या अशिलांनाही वायफायचा पासवर्ड दिला जातो. एका वेळी पन्नास जण हजर नसले तरी राउटर आधी वापरलेला नंबर लगेच दुसऱ्याला देत नाही, तो जुन्या मालकासाठी राखून ठेवून पुढचा कोरा नंबर काढतो. असं करत गाडी पन्नासपर्यंत पोचली. सगळे राउटर असे क्रमाने जात नाहीत. काही जण यंत्राच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून हिशेब करून मधलाच कुठलातरी नंबर देतात, आणि तिथे हा अपघात पहिल्या आठवड्यातही होऊ शकतो.

नाना : पण देण्याआधी राउटर विचारत नाही का, की बाबा हा नंबर कुणाकडे आहे?

मुग्धा : पुष्कळ राउटर विचारतात. नंबर देण्याआधी त्यावर एक पिंग टाकून बघतात. घेणारा फोनही शहाणा असतो. नंबर मिळाल्यावर तो आधी पुकारा करतो, ‘पन्नास कुणाचा आहे का?’ कुणी ओ दिली तर तो नंबर नाकारतो आणि राउटर दुसरा देतो. पण सकाळी सव्वानऊला प्रिंटर चालू असतो का?

नाना : नसतो. शिपाई दहाला येतो, तो लावतो.

मुग्धा : आणि मुलं नऊला येतात. राउटरने पिंग केलं, कुणी बोललं नाही. फोनने पुकारा केला, कुणी ओ दिली नाही. दोघांनीही नियम पाळला आणि फोन पन्नास नंबर घेऊन बसला. दहाला प्रिंटर उठला. त्याला कुणाला विचारायचंच नसतं, कारण त्याचा नंबर तुम्ही त्याच्या पोटात लिहून ठेवलाय. त्याने आल्या आल्या जाहीर केलं, ‘पन्नास माझा.’

झालं, एका नंबरचे दोन मालक. आता पुढचा भाग कळला की अर्धं ऑफिस छापतं आणि अर्धं नाही याचं कोडं सुटतं. कॉम्प्युटर आयपीवर थेट काही पाठवत नाही. आधी तो ‘पन्नास कुणाचा’ असं विचारतो, उत्तर देणाऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस स्वतःजवळ टिपून ठेवतो आणि पुढचा सगळा माल त्या मॅकवर धाडतो. या विचारण्याला एआरपी म्हणतात. प्रत्येक कॉम्प्युटरची टिपणवही वेगळी असते आणि ती थोड्या थोड्या वेळाने ताजी होते. उत्तर आता दोघं देतात. ज्या टेबलाच्या वहीत प्रिंटरचा मॅक राहिला त्याचा कागद निघतो. ज्याच्या वहीत फोनचा राहिला, त्याचं काम एका मुलाच्या खिशातल्या फोनकडे जातं आणि फोन ते परत लावतो. प्रिंटर बंद-चालू केल्यावर बरं वाटायचं तेही यामुळेच. उठताना तो जी घोषणा करतो तिने सगळ्यांच्या वह्या एकदम त्याच्या नावे होतात. तो इलाज नव्हता, फक्त पुढच्या चुकीपर्यंतची मुदतवाढ होती.

नानांना हे पटलं, पण पुरावा हवा होता. तो मिळवायला पाच मिनिटं लागली. ज्या टेबलावरून छपाई होत नव्हती तिथे मुग्धाने दोन ओळी टाईप केल्या.

```
ping 192.168.1.50
arp -a 192.168.1.50
```

नाना : पिंग येतोय बघ. म्हणजे प्रिंटर जिवंत आहे.

मुग्धा : इथेच सगळे फसतात. पिंग येतोय म्हणजे पन्नास नंबरवर कुणीतरी जिवंत आहे, प्रिंटरच आहे असं नाही. खालची ओळ बघा. मॅक आहे `da-3f-91-07-c4-5e`. आता प्रिंटरच्या मेनूतून कॉन्फिगरेशनचं पान काढा आणि त्यावरचा मॅक ताडून पाहा.

पानावरचा मॅक वेगळाच निघाला. मुग्धाने आणखी एक खूण दाखवली. मॅकमधलं दुसरं अक्षर 2, 6, a किंवा e असेल तर तो मॅक कारखान्यात कोरलेला नसून उपकरणाने स्वतः बनवलेला असतो. आजचे फोन खासगीपणासाठी प्रत्येक वायफायला असा बनावट मॅक देतात. इथे `da` मधलं a पाहताच ती म्हणाली, हा फोनच आहे. नानांनी आपल्या पद्धतीने खात्री केली. प्रिंटरची लॅन केबल काढली, टेबलावरची जुनी टिपणं `arp -d` ने पुसली आणि पुन्हा पिंग केलं. केबल हातात असताना पन्नास नंबरने उत्तर दिलं! राउटरच्या पानावर लीजच्या यादीत पन्नाससमोर एका आर्टिकलच्या फोनचं नाव होतं. तो मुलगा बँकेत गेला की प्रिंटर शहाणा होतो, हे मग कुणाच्या तरी लक्षात आलं.

एक खुबी इथेच नोंदवतो. पिंगला उत्तर आलं नाही तरी एआरपीची ओळ बघावी. पिंग न स्वीकारणारी यंत्रं असतात, पण एआरपीला ओ दिल्याशिवाय कुणालाच जाळ्यात राहता येत नाही. आणि विंडोजचा कॉम्प्युटरच भांडणात सापडला असेल तर शोध आणखी सोपा. `ipconfig /all` मध्ये त्याच्या पत्त्यापुढे `Duplicate` असं दिसतं, बहुधा 169.254 ने सुरू होणारा एक निरुपयोगी पत्ता त्याने घेतलेला असतो, आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम यादीत 4199 क्रमांकाची नोंद समोरच्याच्या मॅकसकट मिळते. बिचाऱ्या प्रिंटरला आणि डीव्हीआरला असं सांगायची सोय क्वचित असते.

निदानावर एकमत झालं. खरा वाद उपायावरून पेटला.

मुग्धा : आता हे हाताने पत्ते लिहिणं बंद करा, नाना. प्रिंटर, डीव्हीआर, हजेरीचं यंत्र, सगळे ऑटोमॅटिकवर टाका आणि राउटरमध्ये रिझर्व्हेशन करा. या मॅकला कायम हाच नंबर, असं राउटरलाच सांगायचं. तुमची पद्धत म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं. कंडक्टरला त्या रुमालाचा पत्ताच नसतो.

नाना : आणि कंडक्टरच बदलला तर? इंटरनेटवाले वर्ष-दोन वर्षांत येतात, हा डबा उचलतात, नवा ठेवून जातात. तुझी सगळी रिझर्व्हेशनं जुन्या डब्याबरोबर गेली. सकाळी प्रिंटर उठणार, नवा राउटर त्याला सत्तावीस नंबर देणार आणि बारा कॉम्प्युटरवर प्रिंटर ऑफलाइन. माझ्या पद्धतीत प्रिंटर पन्नासवरच असतो.

मुग्धा : नव्या राउटरचा पत्ता 192.168.0.1 असला तर? तुमचा पन्नास वेगळ्याच मोहल्ल्यात राहील, त्याच्याशी कुणी बोलूही शकणार नाही.

नाना : तेव्हा मी राउटरच्या लॅन पानावर जाऊन पत्ता 192.168.1.1 करतो आणि पूलचे दोन आकडे भरतो. एवढंच काम. तुला प्रत्येक यंत्राचा मॅक पुन्हा बडवत बसावं लागेल.

मुग्धा : तुम्ही असाल तर. तुम्ही गावाला गेला असाल तर?

या प्रश्नावर नाना गप्प बसले. मला मात्र दोघंही आपापल्या कामाच्या जागेवरून बोलत आहेत असं वाटलं. मुग्धाच्या हॉस्पिटलात डीएचसीपी विंडोज सर्व्हरवर चालतो. तो त्यांच्या मालकीचा आहे, त्याचा बॅकअप असतो आणि कुणी बाहेरचा येऊन तो उचलून नेत नाही. तिथे शेकडो यंत्रांचे पत्ते एका जागेहून बदलता येणं ही चैन नसून गरज आहे. हाताने पत्ते टाकण्याचा त्रास तिने किती भोगलाय तेही तिने सांगितलं. दर वेळी एखादा कॉम्प्युटर मिळालेला नंबर ‘हा तर व्यापलेला आहे’ म्हणून नाकारतो, तेव्हा सर्व्हर तो नंबर `BAD_ADDRESS` असा शिक्का मारून बाजूला ठेवतो. पूलच्या आत हाताने लिहिलेली यंत्रं जितकी जास्त, तितके हे शिक्के वाढत जातात आणि एके दिवशी पूल संपतो. तिच्या मते ही यादी म्हणजे कुणी कुठे गुपचूप पत्ते लिहिलेत त्याचा आयता नकाशाच. त्या सर्व्हरला देण्याआधी पिंग करायची सवय मुळात नसते. ती सेटिंगमधून लावावी लागते, एक-दोन पिंग पुरतात. पण बंद पडलेल्या प्रिंटरपुढे तीही हतबल, हे तिनेच कबूल केलं.

सांगलीच्या या ऑफिसात मात्र राउटर भाड्याचा, त्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर आणि नाना फोनवर उपलब्ध. इथे पत्ता यंत्राच्या पोटात असणं मला जास्त भरवशाचं वाटतं. नानांची चूक पत्ता हाताने लिहिण्यात नव्हतीच. राउटर ज्या ढिगातून वाटतो त्याच ढिगातून त्यांनी स्वतःसाठी एक नंबर उचलला आणि राउटरला सांगितलं नाही, ती चूक होती.

मग आवरायला दोघं एकत्र बसले. मुग्धाचा पहिला विचार पुस्तकी होता. २ ते ९९ स्थिर यंत्रांना, १०० ते १९९ पूलला, आणि स्थिर यंत्रं नव्या नंबरांवर हलवायची. नानांनी तिला अडवलं.

नाना : यंत्रं हलवू नकोस. प्रिंटरचा नंबर बदललास तर बारा कॉम्प्युटरवर प्रिंटरचा पोर्ट बदलावा लागेल. डीव्हीआरचा बदलला तर सरांच्या मोबाइलवरचं सेटिंग आणि राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग बदलावं लागेल. हजेरीच्या यंत्राचा नंबर तर पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला आहे. यंत्रांऐवजी पूल हलव.

मुग्धा : बरं, काय काय आहे ते सांगा. प्रिंटर ५०, डीव्हीआर?

नाना : १०८. कारखान्यातून आला तेव्हाच होता, मी तसाच ठेवला. हजेरीचं यंत्र २०१, तेही तसंच आलं.

मुग्धा : मग पूल १२० ते २००. तिघंही बाहेर राहतात. ८१ नंबर मिळतात. माणसं किती?

नाना : बावीस. फोन-लॅपटॉप धरून चव्वेचाळीस. अशील मिळून साठाच्या आत.

मुग्धा : पुरतील. लीज चोवीस तासांची आहे, ती आठ तासांची करू. अशील निघून गेल्यावर त्याचा नंबर दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून पडायला नको.

मला ही तडजोड फार आवडली. तीन यंत्रांचे आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या डझनभर सेटिंगांचे पत्ते तसेच राहिले आणि राउटरच्या एका पानावरचे दोन आकडे बदलले. नवीन ऑफिसात अर्थात मुग्धाची सुटसुटीत विभागणी आधीच करून ठेवावी. चालू ऑफिसात जिथे जे बसलंय त्याच्या कडेने पूलची हद्द आखणं शहाणपणाचं.

पण आकडे बदलून ‘सेव्ह’ दाबलं की काम झालं असं नाही, आणि इथे मुग्धाचा अनुभव कामी आला. पूल लहान केल्याने आधी दिलेले नंबर परत येत नाहीत. ज्या फोनकडे पन्नास आहे, त्याच्या मते तो चोवीस तासांसाठी त्याचाच आहे. अर्धी मुदत उलटल्यावर तो राउटरकडे मुदतवाढ मागेल, तेव्हा राउटर नाही म्हणेल अशी अपेक्षा. सगळे घरगुती राउटर तितके काटेकोर नसतात. म्हणून संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर बदल केला आणि राउटर बंद करून चालू केला. वायफाय तुटलं की फोन आणि लॅपटॉप नव्याने नंबर मागतात. केबलवरच्या कॉम्प्युटरांचं तसं नाही. ते स्विचला जोडलेले असतात, स्विच चालूच राहतो, त्यामुळे राउटर गेला-आला हे त्यांना कळतही नाही. त्यांच्यावर बसून हे दोन आदेश द्यावे लागले, किंवा मशीन पुन्हा सुरू करावं लागलं.

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पूल आवळायचा, जुने नंबर परत आणायचे, आणि एखादं यंत्र हलवायचंच असेल तर ते सगळ्यात शेवटी. उलट केलं, म्हणजे घाईत प्रिंटरला पन्नासऐवजी साठ दिला आणि पूल तसाच ठेवला, तर भांडण फक्त दहा घरं पुढे सरकतं. नानांनी हे पूर्वी दोन ठिकाणी पाहिलंय. माणसं दर महिन्याला प्रिंटरचा नंबर बदलत राहतात आणि दोष प्रिंटरला देतात.

शेवटी रिझर्व्हेशनचं काय, यावर मुग्धाने आपला हट्ट पूर्ण सोडला नाही, आणि तिचं बरोबर होतं असं मी म्हणेन.

मुग्धा : यंत्रात तुमचा नंबर राहू द्या. पण राउटरमध्येही तोच नंबर त्या मॅकच्या नावे रिझर्व्ह करून ठेवते. उद्या कुणी पूल पुन्हा २ ते २५४ केला, तरी राउटर पन्नास दुसऱ्याला देणार नाही.

नाना : आणि प्रिंटर बदलला, मॅक बदलला तर? तुझं रिझर्व्हेशन शिळं होणार.

मुग्धा : शिळं झालं तरी चालेल. नंबर अडवून ठेवण्याचं काम ते करतच राहील, आणि नव्या प्रिंटरला तुम्ही पन्नास हाताने लिहालच. फक्त माझ्या पद्धतीने गेलो असतो तर शिळ्या रिझर्व्हेशनमुळे नवा प्रिंटर भलत्याच नंबरवर गेला असता. इथे तसं होत नाही.

या दुहेरी बंदोबस्ताला एक अट आहे. पूलच्या बाहेरच्या नंबरचं रिझर्व्हेशन काही राउटर स्वीकारतच नाहीत. विंडोज सर्व्हरवर तर रिझर्व्हेशन स्कोपच्या आतच असावं लागतं, आणि जे नंबर मुळीच वाटायचे नाहीत त्यांच्यासाठी तिथे एक्सक्लूजन नावाची वेगळी सोय आहे. या ऑफिसातल्या राउटरने मुकाट्याने स्वीकारलं. ज्यांचा राउटर नकार देईल त्यांनी पूलच्या हद्दीवर समाधान मानावं. फोनसाठी मात्र रिझर्व्हेशनच्या भानगडीत पडू नये. त्यांचा मॅक बनावट असतो आणि त्यांना कायमचा पत्ता कशाला हवा?

दुसऱ्या दिवशी नानांनी राउटरवर एक कागद चिकटवला. राउटरचा पत्ता, पूल १२० ते २००, आणि खाली तीन ओळी : यंत्र, नंबर, मॅक. त्याची छायाप्रत सरांच्या कपाटात गेली. मुग्धाने म्हटलं, हीच यादी एक्सेलमध्ये ठेवा. नाना म्हणाले, प्रिंटर बंद असताना एक्सेल कुणाला सापडत नाही. यावर ती हसली आणि तिने तो विषय वाढवला नाही.

तुमच्या ऑफिसात, दुकानात किंवा दवाखान्यात एखादं यंत्र हाताने दिलेल्या पत्त्यावर चालत असेल, तर राउटरच्या डीएचसीपी पानावर पूलचा पहिला आणि शेवटचा आकडा बघून घ्या. तुमचा नंबर त्या दोहोंच्या मध्ये पडत असेल आणि रिझर्व्ह केलेला नसेल, तर अजून भांडण झालेलं नाही म्हणून थांबू नका. एखाद्या संध्याकाळी पूल आवळून घ्या.